चार सेंटिमीटरांचा चढ

‘नकाशाचे प्रमाण १:५०,०००. दोन समोच्च रेषांमधील अंतर २० मीटर. गाव आणि शिखर यांमधील अंतर सांगा व उताराचे प्रमाण काढा.’ भूगोलाच्या धड्याखाली असा प्रश्न आला की वर्गात दोन तट पडतात. काहींना हे गणित वाटतं, म्हणून ते लगेच गुणाकाराला बसतात. काहींना ते चित्र वाटतं, म्हणून ते रेषांकडे पाहत राहतात. प्रश्नाला दोन्ही लागतं. आधी चित्र वाचायचं, मग गणित करायचं. हा क्रम उलटला की उत्तरात डोंगर एक तर जमीनदोस्त होतो, नाही तर भिंतीसारखा उभा राहतो.

सुरुवात प्रमाणापासून करावी. १:५०,००० म्हणजे कागदावरचा एक भाग जमिनीवरच्या पन्नास हजार भागांइतका. भाग कशाचा, हे तिथे मुद्दामच सांगितलेलं नसतं. सेंटिमीटर घ्या, इंच घ्या किंवा काडेपेटीतली काडी घ्या. डावीकडे जे एकक तेच उजवीकडे. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास हजार सेंटिमीटर, म्हणजे ५०० मीटर. दोन सेंटिमीटरांना एक किलोमीटर. एवढं एकच वाक्य डोक्यात ठेवलं तरी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशांवर निम्मं काम भागतं, कारण गिर्यारोहक ज्यांना ‘टोपोशीट’ म्हणतात ते स्थलदर्शक नकाशे बहुतांशी याच प्रमाणाचे असतात. त्याआधीच्या पिढीचे नकाशे एक इंचाला एक मैल असे होते. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणून ते प्रमाण १:६३,३६०. जुन्या ग्रंथालयात असा नकाशा हाती लागला तर ‘दोन सेंटिमीटरांना एक किलोमीटर’ हा हिशेब तिथे चालत नाही.

हेच प्रमाण शब्दांत लिहिता येतं आणि रेषेनेही दाखवता येतं. नकाशाच्या खालच्या कडेला किलोमीटरच्या खुणा केलेली जी आडवी पट्टी असते, ते रेषाप्रमाण. विद्यार्थी बहुधा तिच्याकडे शोभेची नक्षी म्हणून पाहतात. ती किती कामाची आहे ते पुढे येईलच.

आता रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेल्या जागा जोडल्या की समोच्च रेषा मिळते, ही व्याख्या पाठ असते, पण ती डोळ्यांसमोर उभी राहत नाही. ती उभी करायची तर कोयनेचा जलाशय आठवावा. पावसाळ्यात धरण भरलं की ‘पाणी २१६३ फुटांवर’ अशी बातमी येते. त्या दिवशी शिवसागराच्या काठाने कुणी चालत निघालं, तर ते सगळा वेळ २१६३ फुटांच्या समोच्च रेषेवरूनच चालत असतं. डोंगराची सोंड आली की काठ पाण्यात पुढे येतो, ओढा आला की आत वळतो, पण उंची बदलत नाही. २१६३ फूट म्हणजे जवळजवळ ६६० मीटर. त्यामुळे या जलाशयाच्या भरलेल्या पाण्याची कड ६६० मीटरच्या रेषेच्या अगदी लगतच असणार. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा उघड्या पडलेल्या काठावर एकाखाली एक पट्टे दिसतात. तेही खरं तर समोच्च रेषाच, निसर्गाने जमिनीवरच आखलेल्या.

ही युक्तीही आधी पाण्यासाठीच वापरली गेली. अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या क्रुकियसने नदीच्या तळाची सारखी खोली दाखवणाऱ्या रेषा काढल्या होत्या. डोंगरावर तिचा गाजलेला उपयोग झाला तो स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन पर्वतावर. १७७४ साली नेव्हिल मॅस्केलाइन हा खगोलशास्त्रज्ञ पृथ्वीची घनता शोधण्यासाठी त्या डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती कलतो हे मोजत होता. त्यासाठी डोंगराचं आकारमान हवं होतं. चार्ल्स हटन या गणितज्ञापुढे शेकडो ठिकाणच्या उंच्यांचे आकडे कागदभर विखुरले होते. सारखे आकडे त्याने रेषेने जोडले आणि त्या पसाऱ्यातून डोंगराचा आकार दिसू लागला. धड्यातल्या नकाशावर तपकिरी वळणं दिसतात, ती मुळात अशी एका आकडेमोडीच्या सोयीसाठी आली.

आता उदाहरण घेऊ. ठिकाण काल्पनिक आहे, पण आकडे सह्याद्रीतल्या एखाद्या गडाला शोभतील असेच घेतले आहेत. प्रमाण १:५०,०००. रेषा दर २० मीटरला आणि दर शंभर मीटरची रेषा जाड. गाव ७०० आणि ७२० या रेषांच्या मधोमध वसलं आहे. शिखरावर छोटा त्रिकोण असून शेजारी १११८ हा आकडा छापला आहे. पट्टी ठेवून मोजलं तर गावापासून शिखरापर्यंत ४.१ सेंटिमीटर भरतात.

पहिलं काम उंचीतला फरक काढायचं. इथेच सर्वांत जास्त गुण जातात. विद्यार्थी गावापासून शिखरापर्यंत लागणाऱ्या रेषा मोजतो. ७२० पासून ११०० पर्यंत त्या वीस भरतात. वीस गुणिले वीस, चारशे मीटर, असं तो लिहून मोकळा होतो. पण वीस रेषांमध्ये मोकळ्या जागा एकोणीसच असतात, आणि उंची वाढते ती त्या जागांमध्ये. पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत चढ ३८० मीटरचा. त्यात गावापासून पहिल्या रेषेपर्यंतचे अंदाजे १० मीटर आणि शेवटच्या रेषेपासून माथ्यापर्यंतचे १८ मीटर मिळवायचे. एकूण ४०८. खरं तर रेषा मोजत बसण्याची गरजच नसते. गावाची उंची जवळच्या रेषेवरून ठरवावी, शिखराची छापील आकड्यावरून घ्यावी आणि वजाबाकी करावी. जाड रेषा त्यासाठीच असतात. ८००, ९००, १०००, ११०० अशा चार रेषांवर नजर टाकली की आपण कुठे आहोत ते कळतं.

गाव ७१० मीटरवर धरलं तो अंदाज आहे, हेही उघडपणे मान्य करायला हवं. ते ७०० पेक्षा वर आणि ७२० पेक्षा खाली आहे, एवढंच नकाशा खात्रीने सांगतो. मधोमध म्हणून ७१०. शिखराच्या १११८ या आकड्याची जात वेगळी. तो मोजणीदारांनी प्रत्यक्ष मोजलेला असतो.

दुसरं काम अंतराचं. ४.१ सेंटिमीटर गुणिले ५०० मीटर, म्हणजे २०५० मीटर.

तिसरं काम भागाकाराचं. उंचीतला फरक ४०८, आडवं अंतर २०५०. वरची संख्या एक करायची म्हणजे २०५० ला ४०८ ने भागायचं. उत्तर पाचाच्या किंचित वर येतं. म्हणून उताराचं प्रमाण १:५. पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर वर. दोन्ही संख्या मीटरमध्येच हव्यात, हे सांगायला सोपं आणि विसरायला त्याहून सोपं. अंतर किलोमीटरमध्ये ठेवून ४०८ भागिले २.०५ केलं की उत्तर १९९ येतं, आणि काही जण तो ‘१९९ टक्के उतार’ म्हणून बिनदिक्कत लिहितात. टक्क्यांत सांगायचं तर हा उतार २० टक्के आहे, आणि अंशांत सांगायचं तर साधारण ११ अंश. टक्के आणि अंश यांची सरमिसळ मोठ्या माणसांचीही होते. शंभर टक्के उतार म्हणजे उभा कडा नव्हे. तो ४५ अंशांचा उतार, जितकं पुढे तितकंच वर.

उत्तर ११.२६ अंश असं लिहिण्याचा मोह कॅल्क्युलेटरमुळे होतो. तो टाळावा. पट्टीवर एक मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आणि गावाच्या उंचीत आधीच दहा मीटरचा अंदाज मिसळलेला आहे. अशा मापातून अंशाचा शंभरावा भाग निघत नसतो. ‘सुमारे ११ अंश’ हेच खरं उत्तर.

इथे एखादा चौकस विद्यार्थी शंका काढतो. नकाशा वरून खाली पाहिल्यासारखा काढलेला असतो, म्हणजे त्यावरचं अंतर आडवं. माणूस तर तिरकस चढतो. मग प्रत्यक्ष चाल जास्त पडणार ना? पडणार, पण किती, ते एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. आडवं २०५० आणि उभं ४०८, तर पायथागोरसच्या हिशेबाने तिरकस लांबी २०९० मीटर. फरक चाळीस मीटरांचा, म्हणजे दोन टक्के. पट्टी एक मिलिमीटर सरकली तर याहून मोठी चूक होते. १:१ च्या उतारावर हाच फरक ४१ टक्क्यांवर जातो, पण तशा उतारावर दोन किलोमीटर कुणी चालत नाही. तिथे हात टेकावे लागतात.

चाल खरोखर वाढते ती वाटेच्या वळणांमुळे. याच नकाशात गावातून शिखरावर जाणारी पायवाट तुटक रेषेने दाखवली आहे असं समजा. ती मोजायला पट्टी कामाची नाही. ओलसर दोरा घेऊन तो वाटेच्या प्रत्येक वळणावर बसवत न्यायचा, मग सरळ करून रेषाप्रमाणावर ठेवायचा. दोरा नसेल तर कागदाची पट्टी वळणावळणाला फिरवून तिच्या कडेवर पेन्सिलीच्या खुणा करत जावं. आपल्या नकाशात दोरा ६.२ सेंटिमीटर भरला तर वाट ३.१ किलोमीटरची. पट्टीने दोन किलोमीटर दिसत होते, आणि चाल प्रत्यक्षात दीडपट निघाली. चढ मात्र तोच, ४०८ मीटर. म्हणून वाटेवरचा उतार १:५ नाही, १:७.६ आहे. तेवढा त्रास वळणांनी कमी केला.

१:५, १:७ हे आकडे पायांना कळतात, डोक्याला कळत नाहीत. त्यासाठी पुणेकरांच्या ओळखीचा चढ घेऊ. आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट पुणे दरवाजापर्यंत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात साधारण सहाशे मीटर चढावं लागतं. म्हणजे उतार सुमारे १:४.५. रविवारी सकाळी निम्म्या वाटेवर लिंबू-सरबतवाल्यापाशी टेकलेली माणसं हे गुणोत्तर कागदाशिवाय सांगू शकतील.

आता त्याच उंचीचा दुसरा चढ पाहा. कर्जतकडून बोरघाट चढून रेल्वे लोणावळ्याला येते. १८६३ साली खुला झालेला हा लोहमार्ग घाटात १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर चढतो. चढ सिंहगडापेक्षा थोडासाच कमी. त्यासाठी रूळ किती लांब टाकावे लागले? सुमारे साडेपंचवीस किलोमीटर. सरासरी उतार १:४६ आणि सर्वांत कठीण भागात १:३७. लोखंडी चाक लोखंडी रुळावर याहून जास्त चढाला नीट पकड धरत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. घाटातल्या मोटाररस्त्याला साधारण १:२० च्या आसपासचा चढ चालतो. त्या हिशेबाने सहाशे मीटर चढायला बारा किलोमीटर रस्ता लागेल.

सहाशे मीटरांचा चढ पायवाटेने पावणेतीन किलोमीटरमध्ये होतो, रस्त्याने बाराएकमध्ये, तर रेल्वेला त्याच्या आसपासच्या चढाला पंचवीस लागतात. अभियंत्याला डोंगराची उंची कमी करता येत नाही. त्याच्या हातात गुणोत्तराची फक्त दुसरी बाजू असते, म्हणून तो अंतर लांबवतो. समोच्च रेषांना काटकोनात छेदत गेलं तर चढ सर्वांत तीव्र, आणि रेषांना जवळजवळ समांतर, हळूहळू एकीवरून दुसरीवर सरकत गेलं तर सौम्य. घाटातली सगळी वळणं या एका वाक्यात बसतात. पाण्याला अर्थातच अशी घाई-सवड नसते. ते रेषांना काटकोनातच छेदत खाली येतं.

काल्पनिक गडाकडे परत येऊ, कारण १:५ हे उत्तर बरोबर असलं तरी अपुरं आहे. ते सरासरी आहे. नकाशावर पाहिलं तर गावाकडच्या बाजूला रेषा विरळ आणि शिखराजवळ दाटीने आहेत. पहिल्या २.५ सेंटिमीटरमध्ये वाट ८४० च्या रेषेपर्यंतच पोचते. १२५० मीटर अंतर, १३० मीटर चढ, उतार साधारण १:१०. उरलेल्या १.६ सेंटिमीटरमध्ये २७८ मीटर. म्हणजे ८०० मीटरमध्ये २७८, उतार १:३ च्या जवळ, १९ अंश. सरासरी निघालेले ११ अंश या दोन्ही भागांत कुठेच नाहीत. खालचा भाग सहा अंशांचा आहे आणि वरचा एकोणीस. सरासरीवर विसंबून ‘बरा आहे चढ’ म्हणणाऱ्याची दमछाक वरच्या पाऊण किलोमीटरमध्ये ठरलेली.

खाली विरळ आणि वर दाट रेषा असलेल्या उताराला पुस्तकात अंतर्वक्र उतार म्हणतात. वर विरळ आणि खाली दाट असेल तर बहिर्वक्र. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल होते, पण डोंगरात त्यांचा फरक ओळखणं सोपं असतं. अंतर्वक्र उतारावर पायथ्यापासून माथा दिसत राहतो. बहिर्वक्र उतारावर मधला फुगवटा माथा झाकतो, आणि ‘हे काय, आलंच’ म्हणत चढलेल्याला पुढे आणखी एक चढ दिसतो.

सराव झाला की भागाकाराचीही गरज उरत नाही. १:५०,००० च्या नकाशावर वीस मीटरच्या रेषा असतील, तर शेजारच्या दोन रेषांमध्ये ८ मिलिमीटर जागा असणं म्हणजे १:२० चा उतार, बस चढेल असा. २ मिलिमीटर असेल तर १:५, दम लागेल असा. आणि ०.४ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाहून कमी जागा असेल, तर ४५ अंश. त्यापुढे रेषा एकमेकींना चिकटतात आणि तिथे कड्याची वेगळी खूण काढावी लागते. कोकणाकडे तुटणाऱ्या सह्याद्रीच्या धारेवर नकाशा तपकिरी शाईने माखल्यासारखा दिसतो, तो यामुळे.

मात्र रेषांमधली रिकामी जागा सपाट आहे असं समजणं धोक्याचं. दोन रेषांच्या मध्ये जमीन काय करते, याबद्दल नकाशा गप्प असतो. सह्याद्रीत हे विशेष जाणवतं. इथला डोंगर बेसॉल्टच्या थरांवर थर रचून झाला आहे. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून पायरी होते. बारा-पंधरा मीटरचा उभा तुटलेला कडा ८२५ ते ८३८ मीटरच्या मध्ये बसला, तर ८२० ची रेषा त्याच्या खालून आणि ८४० ची वरून निघून जाते. त्याची वेगळी खूण केलेली नसेल तर कागदावर तिथे साधा उतार दिसतो आणि जागेवर दोर लागतो. टेकडीवरचा दहा-पंधरा मीटरचा उंचवटाही असाच रेषांच्या जाळ्यातून निसटतो. म्हणून उतार काढण्याआधी रेषांमधलं अंतर किती आहे हे पाहायला हवं. त्याहून लहान गोष्टींबद्दल समोच्च रेषांना जाब विचारता येत नाही.

धड्यात यानंतर छेद काढायचा असतो. गाव आणि शिखर यांना जोडणाऱ्या रेषेवर कागदाची कड ठेवायची, प्रत्येक समोच्च रेषा जिथे कडेला छेदते तिथे खूण करून उंची लिहायची आणि त्या खुणा आलेखावर आपापल्या उंचीला उचलायच्या. बिंदू जोडले की डोंगराची बाजू दिसते. पण ४०८ मीटर उंची १:५०,००० याच प्रमाणात काढली तर आलेखात ती जेमतेम ८ मिलिमीटर भरते. डोंगर दिसतच नाही. म्हणून उभं प्रमाण वेगळं घेतात, समजा एक सेंटिमीटरला १०० मीटर, म्हणजे १:१०,०००. आडव्याच्या पाचपट. आता शिखर चार सेंटिमीटर उंच होतं आणि छेद छान दिसतो. आणि तिथेच घोटाळा होतो. या छेदावर गाव-शिखर जोडून कोनमापक ठेवला तर कोन भरतो ४५ अंश. प्रत्यक्षात तो ११ अंशांचा आहे. १:५ चा उतार पाच पटींनी ताणला की १:१ होतो. छेदावरून डोंगराचा आकार ओळखावा, उंच-सखल भाग पाहावेत, एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसेल का तेही ठरवावं, पण उताराचा कोन त्यावरून कधीच मोजू नये. उभं आणि आडवं प्रमाण दोन्ही छेदाखाली लिहायला शिक्षक सांगतात, ते याचसाठी.

आता त्या आडव्या पट्टीची गोष्ट. शिक्षकांनी टोपोशीटचा एक तुकडा झेरॉक्स करून वर्गात वाटला, आणि तो कागदावर मावावा म्हणून यंत्रावर ७० टक्के केला. कोपऱ्यात अजूनही १:५०,००० छापलेलं आहे. आकडा लहान झाला असेल, पण त्याचा अर्थ तोच राहिला, आणि तो आता खोटा आहे. ४.१ सेंटिमीटरचं अंतर आता २.९ भरतं. विद्यार्थी प्रामाणिकपणे ५०० ने गुणतो आणि अंतर १४५० मीटर काढतो. उंचीचे आकडे मात्र छपाईने आकुंचन पावत नाहीत, फरक ४०८ च राहतो. उतार निघतो १:३.६. झेरॉक्सच्या यंत्राने डोंगर ११ अंशांवरून १६ अंशांवर नेला. रेषाप्रमाणाची पट्टी त्या कागदात आली असेल तर ही चूक होत नाही, कारण नकाशाबरोबर तीही तेवढीच आखडलेली असते. दोरा तिच्यावर ठेवला की उत्तर दोन किलोमीटरच येतं. पाठ्यपुस्तकात पानावर बसवण्यासाठी लहान-मोठ्या केलेल्या नकाशांनाही हेच लागू आहे, आणि मोबाइलवर दोन बोटांनी ताणलेल्या नकाशाला तर हमखास. अंकांतलं प्रमाण फक्त मूळ आकाराच्या कागदावर खरं असतं.

या सगळ्यात समुद्रसपाटी कुठे मोजली हा प्रश्न मुलांना नेहमी पडतो. भारतात ती मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवली गेली आणि १९०९ च्या सुमारास देशभरच्या उंच्या तिला जोडल्या गेल्या. उतारासाठी मात्र ती कुठेही असली तरी बिघडत नाही. शून्य पाच मीटर वर सरकला तर गावही सरकेल आणि शिखरही, वजाबाकी तीच येईल.

धड्यातला नकाशा सोडून खरा नकाशा घ्यायचा असेल, तर पुण्याच्या वाचकांसाठी सिंहगड ४७ एफ/१५ या टोपोशीटवर आहे. पण हा गड त्या पत्रकाच्या अगदी पश्चिम काठाजवळ येतो, कारण तिथे ७३ अंश ४५ मिनिटांच्या रेखावृत्तावर पत्रक संपतं. गडाच्या पश्चिमेकडचा उतार मोजायचा तर शेजारचं ४७ एफ/११ जोडावं लागतं. जोडण्याआधी दोन्ही पत्रकांची सालं आणि रेषांमधलं अंतर एकच आहे ना, हे तळाच्या मजकुरात पाहून घ्यावं. एक पत्रक जुनं, फुटांतलं निघालं तर काठावर रेषा जुळत नाहीत.